भैरवडी

डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या पाककला स्पर्धेत एक अट होती: टीमच्या नावात एक राग आणि एखादा पदार्थ किंवा चव हवी, आणि नावाला साजेसा पदार्थ करायचा. जोड्या चिठ्ठ्या टाकून पाडल्या. माझी जोडी खालच्या मजल्यावरच्या काकूंशी लागली. माझ्या बाथरूमचं पाणी त्यांच्या छतातून झिरपत होतं, म्हणून त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

तरी नाव ठरवायला मी त्यांच्या दारात गेलो. म्हटलं, "काकू, 'काफी भजी' कसं वाटतं?"

"ते नुसतं शेजारी शेजारी ठेवलंस. दोन्ही शब्द एकमेकांत मुरायला हवेत." मग आत वळता वळता म्हणाल्या, "भैरवी घे. शेवटच्या 'वी'ची 'वडी' कर."

भैरवडी! म्हणजे अळूवडी आलीच. पानं लाटण्याने चेपताना आणि बेसनात चिंच-गूळ कालवताना आमचं बोलणं सुरू झालं. प्लंबरचा विषयही तेव्हाच निघाला आणि मिटला.

स्पर्धेला चार टीम होत्या: 'पिठलू', 'मिश्र खमंग', कल्याणहून आलेल्या माहेरवाशिणींची 'यम्मन कल्याण' आणि आम्ही. परीक्षक ठाण्याच्या नौपाड्यातले निवृत्त गायनशिक्षक. ते म्हणाले, "रागांच्या वेळेप्रमाणे पदार्थ आणा."

भैरवी सकाळची, म्हणजे पहिला नंबर आमचा, असं धरून मी घाईने वड्या तळायला घेतल्या. एक घाणा निघाला, तेवढ्यात सरांनी आधी 'पिठलू' बोलावलं.

मी पुढे झालो. "सर, भैरवी तर सकाळची ना?"

"हो, पण मैफल भैरवीनेच संपते. तुम्ही शेवटी."

माझा चेहरा पडला. तळलेल्या वड्या तोवर मऊ पडणार होत्या. काकूंनी माझ्या हातातला झारा काढून घेतला.

"गॅस बंद कर. उरलेले वाफवलेले उंडे कापायचेसुद्धा नाहीत आत्ता."

पिलूनंतर यमन, मग खमाज. 'मिश्र खमंग'चं थालीपीठ टेबलावर गेलं तसं काकूंनी तेल पुन्हा तापवलं. मी वड्या कापत गेलो, त्या सोडत गेल्या. सरांनी पहिली वडी तोंडात घातली तेव्हा तिचा कुरकुर आवाज मला टेबलापलीकडे ऐकू आला. त्यांनी न विचारता दुसरी उचलली.

बक्षीस मात्र 'यम्मन कल्याण'ला मिळालं. सर म्हणाले, "नावात राग, चव आणि गाव, तिन्ही आहेत." हे मला पटलं, काकूंना अजिबात नाही.

"खाल्ल्या किती त्यांनी, पाहिलंस ना?" जिना चढताना त्या म्हणाल्या. "सहा! आणि बक्षीस नावाला!"

मी हसलो, तशा त्याही हसायला लागल्या, आणि त्यांच्या दाराशी आम्ही बराच वेळ बोलत उभे राहिलो.