बाबांच्या लग्नातले माझे दोन शब्द

गेल्या रविवारी मलकापूरला माझ्या बाबांचं लग्न झालं. हो, बाबांचंच... आणि वधूपित्याला येतो तेवढा थकवा मला आला.

आई जाऊन चार वर्षं झाली. बाबा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत. नवरी नंदाताई पिंपळगाव राजा या गावच्या, अंगणवाडीत काम करतात. त्यांचेही मिस्टर नाहीत. स्थळ मीच बघितलं, त्यामुळे हॉल, आचारी, पांढऱ्या साड्या, पाहुण्यांची स्टेशनवरून ने-आण... सगळं ओघानंच माझ्याकडे आलं. पुण्याहून रात्रभर गाडीत बसून आले ती थेट आचाऱ्यापुढे उभी राहिले.

आमच्याकडे बौद्ध पद्धतीच्या लग्नात विधी आटोपशीर असतो आणि भाषणं लांबतात. त्रिशरण-पंचशील झालं, हार घालून झाले की माईक फिरतो. बाबांची एकच इच्छा होती, "तू दोन शब्द बोल. पण थोडक्यात."

पण बोलायचं काय? आईचं नाव घेतलं नाही, तर मला आरशात तोंड बघवणार नाही. घेतलं, तर नंदाताईंना स्वतःच्याच लग्नात परकं वाटायचं. आत्यानं तर सकाळीच तंबी दिली, "आईचं नाव काढू नको बाप्पा मांडवात. रडारड होऊन जाईन. नवी बाई काय म्हणन?"

मी गाडीत बसून भाषण लिहिलं होतं आणि त्यातलं बरंच खोडलं होतं. आईच्या आजारपणाचं सगळं खोडलं. "बाबा किती एकटे पडले होते" हेही खोडलं, कारण ते ऐकून नंदाताईंना वाटलं असतं आपल्याला नुसतं सोबतीला आणलंय. चेष्टा फक्त बाबांची करायची, नंदाताईंची एकही नाही. आईचा उल्लेख एकदाच, हसऱ्या वाक्यात, आणि लगेच पुढे जायचं. शेवट नंदाताईंकडे बघून करायचा... एवढं ठरलं होतं.

सूत्रसंचालन इंगळेकाकांकडे. बाबांचे जुने मित्र. गावातलं लग्न असो, नामकरण असो की शोकसभा, माईक त्यांच्याच हातात असतो. आईच्या पुण्यानुमोदनालाही, म्हणजे तिच्या शोकसभेलाही, तेच होते.

मी माईक घेतला. व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं घ्यायची पद्धत आहे, ती गाळली. सगळ्यांना एकत्रच जय भीम केला आणि सुरू केलं.

"माझे बाबा आयुष्यभर लोकांना सांगत आले, पुढं सरका, आत जागा आहे. स्वतः मात्र चार वर्षं दारातच उभे होते. आज सरकले." हॉल हसला. बाबा फेट्याआडून हसले.

"नंदाताईंना काय हाक मारायची ते माझं अजून ठरलेलं नाही. सध्या मी 'अहो' म्हणते. त्याही बाबांना तेच म्हणतात, त्यामुळे मी हाक मारली की दोघं एकदम वळून बघतात." आता नंदाताईही हसल्या. माझा जीव जरा भांड्यात पडला.

"माझी आई आज असती तर..." मी म्हणाले, आणि पुढचं वाक्य होतं, "तर बाबांचा फेटा तिनं पुन्हा बांधायला लावला असता." पण दिवसभराची दमलेली मी... आवाज घशातच अडकला. थांबले.

त्या थांबण्यानं घोटाळा केला. इंगळेकाका शेजारीच दुसरा माईक घेऊन उभे होते. आईचं नाव, भरलेला आवाज, मग शांतता... त्यांच्या तोंडून सवयीनं निघालं, "सर्वांनी आपापल्या जागी उभं राहून दोन मिनिटं स्तब्धता पाळावी."

आणि अख्खा हॉल उभा राहिला! लग्नाच्या हॉलमध्ये, बुंदीचा वास सुटलेला असताना, सगळे माना खाली घालून गप्प. आत्यानं कपाळावर हात मारला. बाबांचा चेहरा पांढराफटक. काकांना आपण काय बोललो ते कळलं आणि त्यांनी माईक पाठीमागे लपवला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी घाईघाईनं म्हणाले, "काका, अहो... बसू द्या सगळ्यांना."

तेवढ्यात स्टेजवरून आवाज आला. नंदाताई उभ्या राहिल्या होत्या, हात जोडून. माईकशिवायच म्हणाल्या, "होऊ द्या न. मले बी उभं राहू द्या तिच्यासाठी."

मग बाबा उभे राहिले, त्यांच्या शेजारी. दोन मिनिटं झाली की नाही कोणी बघितलं नाही. कुणीही रडलं नाही, आत्या सोडून.

आमच्या ऑफिसच्या पार्ट्यांत टोस्ट, म्हणजे कुणाच्या नावानं शुभेच्छांचा पेला, सगळ्यांनी उभं राहून उचलायचा असतो. मी म्हटलं, "आता उभेच आहात तर एक काम करा. आईचं झालं, आता नंदाताईंसाठी टाळ्या वाजवा. नंदाताई, या... आत जागा आहे." टाळ्या थांबेनात. फेट्याचं वाक्य राहूनच गेलं.

मग पंगती बसल्या आणि मी पुन्हा वाढायला लागले. मठ्ठ्याची बादली उचलणार तेवढ्यात कुणीतरी ती हातातून काढून घेतली. बघते तर नंदाताई, गळ्यात अजून हार.

"बस न आता," त्या म्हणाल्या. "सकाळपासून उभीच हायेस तू."

आई गेल्यापासून आमच्या घरात मला बस म्हणणारं कुणी नव्हतं. मी बसले. त्यांनी वाढलं... आणि मी पोटभर जेवले.