बाबांच्या गादीचा कापूस

जाम गावाच्या चौरस्त्यावर आमचं गाद्यांचं दुकान होतं. मागे घर, पुढे दुकान. गादी जुनी झाली की गिऱ्हाईक ती आणून टाकायचं. आम्ही ती उसवून कापूस पिंजायचो, थोडा नवा मिसळायचो आणि नव्या खोळीत भरून द्यायचो. कापूस कधी मरत नाही, असं मी गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचो, आणि मला ते खरंच वाटायचं.

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी मुलगी झाली. आमच्यात रीत अशी, की घरातल्या गेलेल्या माणसाच्या गादीचा कापूस नातवंडाच्या गादीत घालायचा. बाबांची गादी मी स्वतः उसवली. अर्धा कापूस पोरीच्या गादीत गेला, अर्धा आईच्या.

पोरगी दोन वर्षांची होईस्तोवर तिचं नाक कधी धड मोकळं राहिलं नाही. सकाळी डोळे उघडले की आठ-दहा शिंका. नाकातून पाण्यासारखी धार. तळहातानं नाक वर घासायची सवय लागली होती. झोपेत तोंड उघडं. ताप मात्र नसायचा. आई म्हणायची, "सर्दी हाय, दही काऊन देता तिले?" आम्ही दही बंद केलं, केळं बंद केलं, खिडक्या लावून घेतल्या, पोरीला आणखी गुंडाळून त्याच गादीत खोल निजवलं. बायको म्हणाली, दुकानाच्या धुळीचं असेल. माझ्या धंद्यावर बोट ठेवलेलं मला सहन होत नसे. मी तिच्यावर खेकसलो.

उन्हाळ्यात ती पोरीला घेऊन केळझरला माहेरी गेली. तिथं अंगणात चटईवर निजायचे सगळे. पंधरा दिवसांत शिंका जवळपास बंद. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. तेव्हा कुठे मी हिंगणघाटच्या मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी नाकात बॅटरी धरून पाहिलं, छाती तपासली आणि विचारलं, "झोपते कशावर?" मी अभिमानानं सांगितलं. ते म्हणाले, की जुन्या गादीत डोळ्यांना न दिसणारे धूळकिडे असतात. माणसाच्या अंगाचा झडलेला कोंडा खाऊन जगतात, दमट हवेत वाढतात. चावत नाहीत, पण त्यांची विष्ठा श्वासात गेली की अशा पोरांचं नाक चिडतं.

"आम्ही ऊन देतो, पिंजतोही," मी म्हणालो.

"उन्हानं काही मरतात, पण घाण आतच राहते. आणि पिंजल्यावर ती घरभर उडते."

त्यांनी नाकात टाकायला मिठाच्या पाण्याचे थेंब दिले, औषध दिलं. बाकीचं काम घरचं होतं. जुनी गादी काढायची. नवीन घ्यायची, तिला घट्ट विणीची, चेनची खोळ. चादरी आणि पांघरुणं आठवड्याला हात धरवणार नाही अशा कढत पाण्यात धुवायची. घरात अंथरूण झटकायचं नाही, झाडण्याऐवजी ओल्या फडक्यानं पुसायचं. कूलरची ओल बंद खोलीत कोंडू द्यायची नाही. फरक दिसायला काही आठवडे लागतील, असंही ते म्हणाले.

पोरीची गादी मी त्याच दिवशी काढली. आईची उचलायला गेलो तर ती तिच्यावर बसून राहिली. पोरगी दुपारी आजीजवळ त्याच गादीवर निजायची, म्हणून तीही काढायला हवी होती.

"त्याच्यात बाबांच्या अंगाचा कोंडा आहे, आई. त्याच्यावर किडे जगतात," मी चिडून बोललो.

तिनं गादीवरून हात फिरवला. "म्हंजे त्यायचं अंगच हाय न याच्यात. मी नाई देत."

तिला समजावण्याऐवजी मीच तिच्या हातात कारण दिलं होतं. त्याची लाज मला अजून वाटते.

गादी राहिली. मग पोरीला आवरणं आलं. आजीच्या खोलीत पाय टाकला की मी ओरडायचो, "शिंका येतील!" एकदा पाठीत धपाटाही घातला. बायको दर रविवारी चुलीवर पाणी तापवून चादरी धुवायची, फरशी पुसायची. दिवाळीपर्यंत पोरगी तोंड मिटून झोपायला लागली. घरात त्याचा आनंद कुणी मोठ्यानं बोलून दाखवला नाही.

थंडी संपताना एका दुपारी आईनं मला हाक मारली. खाटेवर नुसती धुतलेली सतरंजी होती. गादी तिनं स्वतः ओढत परसात नेऊन ठेवली होती. "घेऊन जा ते," ती म्हणाली. "आता पोरीले येऊ दे."

मी पोरीला हाताला धरून आईच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. आईनं हात पुढे केले. पोरीनं दोन्ही हातांनी नाक दाबलं आणि ती माझ्या पायामागे लपली. "नाई. आजीजवळ शिंका येते," ती म्हणाली.

मी तिला पुढे ढकललं, तर ती रडायला लागली. आई म्हणाली, "राहू दे, जबरदस्ती नको करू," आणि भिंतीकडे तोंड करून निजली.