आठ दिवसांची कामटी

सांगवीच्या कुशाबाई बुरडिणीने जन्मात कुणाचं कौतुक केलं नाही. सुताराच्या कामाला ती सुताराचं काम म्हणत नसे, "लाकडाची नासाडी" म्हणे. बारामतीच्या बाजारातल्या बुरडांच्या टोपल्या ती पायाने उलटून बघायची आणि तोंड वाकडं करून पुढे जायची. सून सारजा इंदापूरची. ती आली त्याच दिवशी कुशाबाईने तिचे हात पाहून घेतले आणि शेजारणीला सांगितलं, "हिला सुपाचा काठ वळता यील, असं काय दिसत न्हाय." त्याला आता आठ वर्षं झाली होती. सारजाची सुपं गावभर खपत होती, तरी सासूचं मत तेच होतं.

कुशाबाईचा तोरा एका गोष्टीवर होता. तिच्या हातच्या बांबूला भुंगा लागत नसे. पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडलेलाच बांबू ती भोरहून मागवायची. आला की नीरेच्या डोहात दगड ठेवून बुडवायचा, महिनाभर. बांबूत एक पिठूळ गोडवा असतो आणि भुंगा त्या गोडव्यासाठीच येतो. महिनाभर पाण्यात राहिला की तो गोडवा निघून जातो आणि मग चिरून सावलीत वाळवलेल्या कामट्या भुंगा हुंगून सोडून देतो. फक्त त्या महिन्यात डोहाकाठी असा काही वास सुटतो की जाणाऱ्या-येणाऱ्याने नाकाला पदर लावावा. कुशाबाईला त्याचं काही वाटत नसे. "वासानं कुणी मेलंय का? भुंग्यानं घरं बसलीत," ती म्हणायची.

सत्तावन्न साली गावच्या भाजीपाला सोसायटीने नवी कचेरी बांधली. चेअरमन मोहनराव. खिशाला पेन आणि बोलण्यात ठराव. कचेरीत पाहुणे येणार म्हणून बांबूच्या खुर्च्या पाहिजेत, आसनं वेताने विणलेली. कुशाबाई सोसायटीला टोपल्या देतच होती, तिला विचारणं सोपं होतं. पण मोहनरावांना तिच्या मालाचा वास आठवला. त्यांनी बारामतीहून पांढऱ्याशुभ्र बारा खुर्च्या आणल्या. बिनवासाच्या, म्हणजे बिनभिजवलेल्या. वर आणखी चकचकीत व्हार्निश मारून घेतलं. जोडीला खोऱ्यांना आणि कुदळींना चाळीस बाभळीचे दांडे.

कुशाबाई कचेरीच्या दारातून एकदा डोकावली. खुर्चीवर टिचकी मारली, दांडा उचलून त्याचं टोक बघितलं.

"मोहनराव, ह्यो दांडा पांढरा हाय. झाडाच्या सालीखालचा. भुंगा पहिला तितंच घुसतो. आतला तांबडा गाभा घ्यायचा, पांढरं तासून टाकायचं, वर करंजीचं त्याल चोळायचं."

"आन् खुर्च्या?"

"खुर्च्यांचं काय सांगू? वरनं कीर्तन, आतनं तमाशा. भुंगा आधीच आत बसला आसंल, तर तुमच्या व्हार्निशाला तो इचारून येणार हाय व्हय? ऱ्हाईल आत, खाईल, आन् भोक पाडून भाईर यील."

चेअरमन हसले, पंच हसले. गावात पंच मोठे असतात ते हसण्यापुरतेच.

माघ संपता संपता खुर्च्यांखाली पिवळसर पीठ सांडू लागलं. पंचांनी आधी ते झाडून काढलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा झाडलं. मग एका पायावर टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली, व्हार्निश फोडून आतून बाहेर आलेली. दांड्यांच्या ढिगाखालीही तसंच पीठ. फाल्गुनात खजिनदार खुर्चीवर टेकले आणि मागचा पाय कचकन मोडला. आत बोटभर भुसा आणि बाजरीच्या दाण्याएवढे काळपट भुंगे.

स्वतःची चूक कबूल करायची तर चेअरमन कशाला व्हायचं! मोहनरावांनी शोध लावला, की भुंगा कुशाबाईच्या टोपल्यांतून आला. तिचा नासका बांबू डोहात कुजतो, त्यात किडे होतात, ते टोपल्यांबरोबर कचेरीत येतात. ग्रामपंचायतीत ठराव मांडायचं ठरलं: डोहात बांबू बुडवायला बंदी. नाचता येईना आणि अंगण वाकडं, पण अंगण बिचाऱ्या नदीचं.

ठरावाची बातमी कुशाबाईच्या कानावर आली. नीरेला सांगवीच्या अंगाला खोल पाणी तेवढंच. डोह गेला की बांबू भिजवणं गेलं, आणि बिनभिजवला बांबू विकायचा तर ती आणि बाजारातले बुरूड यांत फरक काय राहिला? ती सरळ कचेरीत गेली, कमरेवर हात ठेवला.

"परीक्षा घ्या. तुमच्या मोडक्या खुर्चीची एक कामटी, माजी एक कामटी, आन् हे जिते भुंगे. एका बरणीत घाला. दीड म्हैन्यानं उघडा. माज्या कामटीला भोक दिसलं तर डोह सोडते."

बरणी रसूलभाईची. त्याचं किराणाचं दुकान होतं आणि दोन्ही बाजूंचा त्याच्यावर विश्वास होता, कारण तो कुणाच्याच बाजूने बोलत नसे. काचेची मोठी बरणी, तिच्या पत्र्याच्या झाकणाला त्याने दाभणाने नाही, सुईने बारीक छिद्रं पाडली, हवा जावी आणि भुंगा जाऊ नये इतपत. खुर्चीची न पोखरलेली कामटी निवडून घेतली. मग सगळे कुशाबाईच्या अंगणात आले.

"कुठली देतीस?" मोहनरावांनी विचारलं.

"कुठलीबी उचला. माज्या अंगणात वाईट कामटी आसती व्हय?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मोहनराव भिंतीकडे गेले, मागच्या मोळीतून एक कामटी ओढली, तिच्यावर खडूने खूण केली आणि बरणीत सोडली. रसूलभाईने झाकण लावलं, वरून लाख घातली. आणि तेवढ्यात कुशाबाईला दिसलं, की त्या मोळीला अंबाडीची दोरी नव्हती. लुगड्याची चिंधी बांधलेली होती.

महिनाभर भिजलेल्या मोळ्यांना ती अंबाडीची दोरी बांधायची. चिंधीची मोळी पौषातली. टोमॅटोचा हंगाम अंगावर आला होता, सोसायटीचा माणूस रोज टोपल्यांसाठी उंबरा झिजवत होता, आणि कुशाबाईने ती मोळी आठव्या दिवशीच डोहातून काढून घेतली होती. सारजा म्हणाली होती, "आत्या, अजून गोडवा गेला नसंल." त्यावर तिने सुनेला इंदापूरपर्यंत ऐकू जाईल असं झाडलं होतं.

आता तीच कामटी बरणीत होती. तेव्हाच बोलली असती तर दुसरी घालता आली असती. पण पंचांपुढे "थांबा, ती नको" म्हणायचं? कुशाबाई गप्प राहिली. चेहऱ्यावरची तुच्छता तिने तशीच ठेवली, आणि तो दीड महिना तिला जड गेला. मीठमिरचीला रसूलभाईच्या दुकानात जायची, फळीवरच्या बरणीकडे मान वळवायची नाही. बरणीच्या तळाशी पीठ साचतंय एवढं मात्र डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसायचं. कुठल्या कामटीचं, ते कळायचं नाही. बाजारात कुणाची टोपली उलटून बघायलाही तिचा पाय उचलेना.

चैत्राच्या शेवटी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बरणी आणली गेली. अर्धा गाव जमला. मोहनरावांनी ठरावाचा कागद गुडघ्यावर ठेवला होता. रसूलभाई लाख खरवडायला लागला, तोच कुशाबाई उठली.

"थांब, रसूलभाई. उघडायच्या आधी मला बोलायचंय."

मोहनरावांनी पेन काढलं. "आता काय बोलायचं ऱ्हायलं, कुशाबाई?"

"माज्या कामटीला भोकं आसतील," ती म्हणाली. "लई न्हाईत, पण आसतील. ती कामटी आठ दिवस भिजलेली हाय. म्हैनाभर न्हाय. घाईत काढली मी. आन् तुमी उचलली तवा मला दिसलं, तरी मी बोलले न्हाय. तुमाला मी येडं म्हनत आले, आन् बरणीत बसली माजीच लबाडी."

कुशाबाईच्या तोंडून चूक कबूल झालेली गावाने ऐकलीच नव्हती. काहींना वाटलं, म्हातारी बिघडली.

रसूलभाईने झाकण काढलं. खुर्चीची कामटी बाहेर काढताना त्याच्या बोटांत पीठच आलं, आकार तेवढा उरला होता. खडूच्या खुणेची कामटी त्याने उजेडाला धरली. चार भोकं, पाचवं कोरायला घेतलेलं. वाकवली तर ती अजून वाकत होती.

"बाई बोलली तसंच हाय," रसूलभाई म्हणाला. आयुष्यात तो पहिल्यांदा कुणाच्या बाजूने बोलला असावा, आणि लगेच दचकून गप्प बसला.

मोहनराव मात्र सावरले. "म्हंजे भोकं हायतच. बोलीपरमानं डोह सुटला. आन् म्हैनाभर भिजवतच न्हाईस, तर डोह कशाला पायजे तुला?"

बोलण्यात मुद्दा होता. कुशाबाईकडे उत्तर होतं आणि ते तिने दिलं नाही. दिलं ते सारजाने, मागून, बायकांच्या घोळक्यातून पुढे येत.

"का काढली आठ दिसांत, त्ये तुमच्याच मानसाला इचारा, मोहनराव. रोज सकाळी दारात उभा ऱ्हायचा. टोमॅटो सडतील म्हनायचा."

गाव हसलं. पंचही हसले, या वेळी चेअरमनकडे बघून.

"तू गप," कुशाबाई सुनेवर ओरडली. "त्यांनी घाई केली, पर वाकले मी. कामटी माजी व्हती." मग ती मोहनरावांकडे वळली. "तुमच्या डोक्यात भुस्सा हाय, त्ये मी आधीबी म्हनत व्हते, आताबी म्हनते. शून्य दिसाचं पीठ झालं, आठ दिसाला चार भोकं पडली. म्हैन्याला काय व्हईल, त्ये शेंबड्या पोरालाबी कळतं. पर बोली मी केली. ठराव करायचा तर करा."

मोहनरावांनी पंचांकडे पाहिलं. पंच रसूलभाईच्या बोटावरच्या पिठाकडे बघत होते. सोसायटीच्या उरलेल्या खुर्च्यांची आणि चाळीस दांड्यांची आठवण सगळ्यांना एकदमच झाली असावी. कागद हळूच खिशात गेला. "पुढच्या सभेत बघू," चेअरमन म्हणाले. सांगवीत याचा अर्थ, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले, तोवर न मोडलेल्या नऊ खुर्च्या गाडीत घालून. कुशाबाईने एकेक उलटली. पाच पोकळ निघाल्या, त्या चुलीत घालायला सांगितल्या, गावात वाटायला नाही. चार वाचतील म्हणाली: कडक उन्हात ठेवायच्या, भोकाभोकांत पिचकारीने घासलेट सोडायचं, परत परत, आणि पीठ पडायचं थांबलं की मगच मेणाने भोकं बुजवायची. दांड्यांचं पांढरं तासून करंजेल. मोहनराव मान डोलावत होते. ऐकत होते की नाही, देव जाणे.

ते गेल्यावर कुशाबाई डोहावर गेली. सारजा नवी मोळी बुडवत होती, गुडघाभर पाण्यात, पदर खोचून. कुशाबाईने काठावरून दगड उचलून तिच्या हातात दिला. आठ वर्षांत तिने सुनेला दगडच काय, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात दिला नव्हता.

"हितनं फुडं मोळी कवा काढायची, त्ये तू सांगायचं," ती म्हणाली. "आन् मी आदी काढायला आले, तर मला हितनं हाकलायची. काय?"

सारजाने दगड मोळीवर ठेवला. सासूकडे पाहिलं नाही.

"हाकलीन," ती म्हणाली.