कोऱ्या फॉर्मांवरच्या अकरा सह्या

१९९६ साली पनवेलमध्ये एका म्युच्युअल फंड कंपनीची शाखा उघडणार होती आणि आमच्या निनाद कर्व्याला तिथे सल्लागाराची जागा हवी होती. बायोडेटा मीच टाइप केला. ग्राहक २१४, सल्ला दिलेली गुंतवणूक ९६ लाख, परवाने दोन: विमा एजन्सी आणि अल्पबचत. शेवटी, "तक्रार किंवा नियमभंग: नाही." ही ओळ त्याने ठळक करायला लावली.

मुलाखतीला शाखेच्या मॅनेजर चारुता देवधरांनी ग्राहकांचे कागद मागितले. निनादने ऐटीत फाइल पुढे केली. त्यातून पैसे काढण्याचे अकरा फॉर्म निघाले, खाली सही आणि वर सगळं कोरं.

"हे काय?"

"लोकच देऊन ठेवतात, मॅडम. सारखं पनवेलला कोण येणार?"

"कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन ठेवणं हा नियमभंगच. मग ही शेवटची ओळ खोटी आहे."

निनादने पेन काढलं, ठळक ओळ खोडली आणि लिहिलं, "सही केलेले कोरे फॉर्म: ११."

"सोमवारपर्यंत परत करून पोच आणा," बाई म्हणाल्या. "मग बघू."

दोन दिवस तो सायकलवर होता. विचुंबे गावचे ग्राहक गोरख म्हात्रे तर चिडलेच. "माजा भरोसा हाय तुज्यावर, तुजा नाय काय माज्यावर?"

"काका, तुमच्या भरोशानेच नोकरी जातेय. पोचेवर सही करा."

सोमवारी बाईंनी अकरा पोचा दोनदा तपासल्या. "एक तारखेला या. बायोडेटा नवा टाइप करा, पण फॉर्मांची ओळ राहू द्या."

ती ओळ ठळक करायला त्याने मला सांगितलं नाही.