त्यांच्या खात्यावरचं दूध

सकाळचं दूध माझ्या मालकांनी स्वतः डेअरीला घातलं. मोटरसायकलला किटली अडकवून गेले, येऊन चहा घेतला आणि विळा घेऊन वैरण कापायला रानात गेले. तिथंच बांधावर बसले, ते पुन्हा उठले नाहीत. माझे सासरे त्यांना बोलवायला गेले होते. बारामतीला दवाखान्यात नेलं, पण डॉक्टरांनी हात लावून नुसती मान हलवली. संध्याकाळी सगळं उरकून माणसं परत आली. मी भिंतीला टेकून बसले होते. कुणीतरी त्यांचा फोन माझ्या हातात आणून दिला आणि तेवढ्यात तो वाजला. डेअरीचा मेसेज होता. संध्याकाळचं दूध, साडेतेरा लिटर. फॅट ३.९. दर चौतीस रुपये वीस पैसे. वर त्यांचं नाव.

शेजारच्या बाईनं आमच्या तीन गाई पिळल्या होत्या. जनावराला सुतक नसतं, कास भरली की दूध काढावंच लागतं. मेसेज मी दोनदा वाचला. काही वाटलं नाही. फोन पदराखाली ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून दीर दूध काढायला लागले. ते वस्तीच्या पलीकडच्या बाजूला वेगळे राहतात. त्यांच्या स्वतःच्या सहा गाई. त्यांनी मला काही विचारलं नाही, की बोलून दाखवलं नाही. आपल्या गाई उरकायच्या, मग आमच्या गोठ्यात यायचं, धार काढायची आणि दोन्ही घरचं दूध घेऊन पणदऱ्याच्या डेअरीवर पळायचं. डेअरीचा टेम्पो कुणासाठी थांबत नाही.

मी कोपऱ्यात बसायचे. बाया यायच्या, गळ्यात पडून रडायच्या. माझ्या डोळ्यांना पाणी येत नव्हतं. माझी आई डाळजहून येऊन राहिली होती. ती म्हणायची, "रड गं बाई, मोकळी हो." मी तिच्या तोंडाकडं बघत राहायचे. सकाळ-संध्याकाळ फोन वाजायचा तेवढा मी बघायचे. कशासाठी ते सांगता येणार नाही. त्या वेळी मला समजत होती ती तेवढीच गोष्ट असेल.

दूध कमी होत होतं. साडेतेराचं साडेबारा झालं, मग अकरावर आलं. घरचा माणूस गेला की जनावर दूध आटवतं असं बाया म्हणायच्या. मलाही तसंच वाटलं. पण फॅटही उतरत गेली. ३.९ ची ३.६, मग ३.४. आमच्या डेअरीत साडेतीन फॅटला तेहतीस रुपये धरतात. वर गेली की पॉइंटामागं, म्हणजे ०.१ मागं, तीस पैसे वाढतात, खाली आली की पन्नास पैसे कापतात. एका संध्याकाळी अकरा लिटर, फॅट ३.३, दर बत्तीस, तीनशे बावन्न रुपये असा मेसेज आला. संध्याकाळची फॅट सकाळपेक्षा चढती असते. त्यांच्या वेळी संध्याकाळी एवढी खाली आलेली मला आठवत नव्हती.

तेरावा झाला आणि पंधरवडा संपला. दिरांनी डेअरीतून तक्ता आणून सासऱ्यांपुढं ठेवला. रोजच्या दोन ओळी, सकाळ आणि संध्याकाळ. लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम. खाली बेरीज, त्यातून पेंडीच्या दोन पोत्यांची कपात आणि हातात येणारा आकडा. सासऱ्यांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला.

"लईच कमी आलं की," ते म्हणाले. "डेअरीवाला मारतोय का काय?"

"डेअरी सगळ्यांना सारखीच हाय, आबा," दीर म्हणाले. "गाई इकून टाका. वैनीला न्हाय जमायचं ते. मी किती दिस करणार?"

ते रागानं बोलले नव्हते. त्यांचे डोळे तारवटले होते, मनगटाला फडकं गुंडाळलं होतं. नऊ गाई दोन वेळा हातानं पिळायच्या म्हणजे माणूस वाकतोच.

तक्ता मी जवळ ओढला. ज्या दिवशी ते गेले त्या दिवसाच्या दोन्ही ओळी इतर ओळींसारख्याच होत्या. मी त्यांच्यावरून बोट फिरवलं आणि खाली गेले. दिरांनी हातात घेतल्यापासून फॅट उतरत होती, एसएनएफ, म्हणजे साय सोडून दुधातला बाकीचा घट्टपणा, मात्र जिथल्या तिथं होतं. दुधात पाणी पडलं असतं तर तेही उतरलं असतं. माझ्या माहेरी शेळ्या-मेंढ्या होत्या. शेळीची पहिली धार पाण्यासारखी पातळ असते आणि शेवटची घट्ट, हे मला लहानपणापासून माहीत होतं. आचळं निपटून काढली नाहीत तर साय कासेतच राहते. शिवाय कास अशी रोज अर्धी राहिली की गाय आपणच दूध कमी करते.

दीर घाईत शेवटचं दूध सोडत होते. हे त्यांना कसं सांगायचं? न सांगता येऊन जो माणूस आपली जनावरं सांभाळतो, त्याला तुझा हात अर्धा पडतोय असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

मी एवढंच म्हणाले, "भावजी, उद्यापासनं धार मी काढते."

आई म्हणाली, "अगं, लोक काय म्हणतील? महिना तरी होऊ दे." दीर माझ्याकडं पाहत राहिले, मग त्यांनी तक्त्याकडं पाहिलं. त्यांना कळलं होतं.

"मागं राहतंय व्हय दूध?" त्यांनी हळू विचारलं.

"तुमाला येळ न्हाय पुरत."

"न्हाय पुरत," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? टेम्पो चुकला तर दोन्ही घरचं दूध नासंल, ह्याच भ्यानं मी उठतो." मग म्हणाले, "किटली मात्र मीच नेत जाईन."

सकाळी मी गोठ्यात गेले. पहिल्या गाईनं मला हुंगलं आणि पान्हा चोरला. मी कासेला कोमट पाणी लावलं, चोळलं, बसून राहिले. घाई करायची नाही एवढं मला माहीत होतं. बऱ्याच वेळानं आचळं भरून आली. बोटं दुखायला लागली, तरी शेवटची धार सुटेपर्यंत मी पिळत राहिले. त्या दिवशी फॅट ३.५ लागली. मला आनंद झाला नाही. फक्त संध्याकाळी गाईंना काय घालायचं याचा विचार करता आला, एवढंच.

फॅट हळूहळू पूर्वीसारखी झाली. दूध मात्र पूर्ण परत आलं नाही. गाईनं एकदा कमी केलं की पुढचं वासरू होईपर्यंत, त्या वेतात ती तेवढं देत नाही, असं डेअरीच्या सचिवांनी सांगितलं. एक गाय आम्ही पिंपळीला विकली. तीन माझ्या हाताला झेपत नव्हत्या.

खातं त्यांच्याच नावावर चाललं होतं. सचिव वयस्कर, सगळे त्यांना तात्या म्हणतात. त्यांनी एकदा मला बोलावलं.

"बँकेनं खातं बंद केलं की पैसे अडकतील, पोरी. मयताचा दाखला अन् वारसाचा अर्ज दे. पुढच्या पंधरवड्यापासनं तुज्या नावानं तक्ता काढतो."

सासऱ्यांनी संमतीची सही केली. दीर साक्षीदार झाले. सही करून ते तसेच बाहेर जाऊन उभे राहिले. मी आत बाकावर बसले होते. तात्यांनी मशीनमध्ये जुनं नाव खोडलं आणि माझं घालताना विचारलं, "नवऱ्याचं नाव मदी लावायचं ना?"

"व्हय, लावा," मी म्हणाले.

बाहेर आले तर दिरांनी मोटरसायकल चालू करून ठेवली होती. कॅनॉलच्या पुलावर त्यांनी गाडी थांबवली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "वैनी, तुमी एकदा तरी रडा की."

"येईल तवा येईल, भावजी," मी म्हणाले. "चला, धारंची येळ झालीय."