कॉइलचे ऐंशी ओहम

धाराशिवच्या एका पॉलिटेक्निकात मी बरीच वर्षं इलेक्ट्रिकलची प्रॅक्टिकलं घेतोय. एवढ्या नोकरीत चुका पुष्कळ केल्या, पण एकीची अजून लाज वाटते.

प्रयोग सीरिज रेझोनन्सचा. शंभर ओहमचा रेझिस्टर, दहा मिलिहेन्रीची कॉइल, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. फळ्यावर मी इम्पिडन्स लिहायचो: Z = R + j(ωL − 1/ωC). रेझोनन्सला कंसातलं शून्य होतं, नुसता R, म्हणजे रेझिस्टन्स, उरतो आणि करंट सर्वांत जास्त वाहतो. ती फ्रिक्वेन्सी पाच किलोहर्ट्झच्या आसपास. तिच्या अलीकडे आणि पलीकडे कंसातली किंमत R एवढी झाली, की करंट सत्तर टक्क्यांवर येतो. त्या दोन जागांमधलं अंतर म्हणजे बँडविड्थ. ती सोळाशे हर्ट्झ. पाच हजार भागिले सोळाशे, म्हणजे क्वालिटी फॅक्टर तीनच्या किंचित वर.

दरवर्षी प्रत्येक जर्नलात हेच उत्तर यायचं. पोरं सीनियरची फाइल बघून रीडिंग बसवतात हे मला ठाऊक होतं. मीही सह्या ठोकून मोकळा व्हायचो.

येडशीहून एसटीनं येणाऱ्या एका मुलीची बँडविड्थ मात्र आली एकोणतीसशे. क्वालिटी फॅक्टर जेमतेम पावणेदोन.

"सर, तीनदा घेतलं. इतकंच येतंय," ती म्हणाली. "कॉइलचा पण रेझिस्टन्स असंल की. अब्बांचं जळालेल्या मोटारींची वायंडिंग भरायचं दुकान हाय. मीटर लावला तर कॉइल कधी शून्य दाखवत न्हाय."

पोरं हसली. मला झोंबलं. "हे दुकान नाही, लॅब आहे," मी म्हणालो आणि पानावर लाल पेनानं फुली मारली. सही नाही म्हणजे परीक्षेला बसता येत नाही, हे तिलाही माहीत होतं.

आठवड्याभरात एक कॉइल बंद पडल्याचा संशय आला, म्हणून मी मल्टिमीटर काढला. ती चांगली होती. मीटरवर ऐंशी ओहम दिसले. बाकीच्याही तशाच निघाल्या. म्हणजे रेझिस्टर आणि कॉइल मिळून खरा R शंभर नाही, एकशे ऐंशी. तिथंच उभ्या उभ्या आकडेमोड केली: बँडविड्थ जवळपास एकोणतीसशे. माझ्या फळ्यावरचं उत्तर इतकी वर्षं चुकीचं होतं आणि ते बरोबर ठरवायला वर्गच्या वर्ग खोटं लिहीत होते.

तिचं जर्नल शोधलं. नवं पान, सुबक आलेख, बँडविड्थ सोळाशे. खाली माझी सही. मी न बघताच केलेली.

पुढच्या प्रॅक्टिकलला मी सगळ्यांसमोर म्हणालो, "तुझं पहिलं उत्तर बरोबर होतं. चुकलो मी."

"ते पान फाडलं, सर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. तिच्यासमोर त्या दिवशीच्या प्रयोगाचा संच होता, अजून चालूही न केलेला. तिनं कोरं पान सरळ केलं, पेन उघडलं.

"आजचं उत्तर किती यायला पायजे, सर? आधीच सांगून ठेवा."