नको असलेली बोटं

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. पिशोरहून शहरात येऊन शिकले आणि चिकलठाण्यात स्वतःचं फोटोचं दुकान टाकलं. हे मी ताठ मानेनं सांगते. माणूस गेलं की घरचे फोटो घेऊन येतात आणि म्हणतात, "ताई, ह्यांना कोट घाला." जन्मात ज्यानं कोट घातला नाही, त्याला भिंतीवर तरी असावा. मी घालून देते.

कॉम्प्युटर हे काम पटकन करतो, पण त्याच्यावर नजर ठेवावी लागते. बदलायचा भाग आपण ब्रशनं रंगवायचा, तेवढाच तो नव्यानं काढतो. एका रकान्यात काय हवं ते लिहायचं, दुसऱ्यात काय नको ते. सुरुवातीला कोटांना बटणांची रांगच लागायची, बाह्या पिळलेल्या धुण्यासारख्या यायच्या, बोटं एकमेकांत वितळायची. त्या दुसऱ्या रकान्यात मी 'जादा बटणं नकोत' असं इंग्रजीत लिहायचे. मग कळलं, रकानाच 'नको'चा आहे. तिथं नकार लिहायचा नाही, फक्त दोषाचं नाव लिहायचं: एक्स्ट्रा बटन्स, ट्विस्टेड स्लीव्ह्ज, फ्यूज्ड फिंगर्स म्हणजे जुळलेली बोटं. दोष कमी झाले. ही यादी मी जपून ठेवली आणि प्रत्येक फोटोला लावू लागले.

एका दुपारी तिघं आली. कारखान्यात कामाला असलेला एक माणूस वारला होता, त्याची बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि मुलीचा काका. दुसऱ्या दिवशी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम होता. फोटोत तो माणूस कंपनीच्या ड्रेसमध्ये हाताची घडी घालून उभा होता, डावा पंजा उजव्या बाहीवर. बाही रंगवताना मी पंजाही रंगवून टाकला. यादी लावली. कोट झकास उतरला. काकांनी तो फोटो लगेच मोबाईलवर मागून घेतला.

बाई स्क्रीनजवळ आल्या.

"हा हात ह्यांचा नाय," त्या म्हणाल्या.

"वहिनी, दादाच हाय की! कोटात कसला साहेब दिसतोय."

"बोटं बघा भावजी."

मी मूळ फोटो मोठा केला. डाव्या हाताची मधली दोन बोटं जन्मापासून जुळलेली होती. माझ्या यादीनं ती सोडवली होती. मला दोष वाटला तो त्या माणसाचा हात होता.

"लगेच नीट करते," मी म्हणाले.

"कशाला?" काका हसले. "ऱ्हाऊ द्या तसंच. उद्या पाव्हणे येणारेत, पोरीला बघायचं बी मनात हाय त्यांच्या. बापाच्या हातावर नजर गेली की ते हिचा हात बघतील."

तेव्हा कुठं माझं लक्ष मुलीकडं गेलं. तिचा डावा हात ओढणीखाली होता. आली तेव्हापासून तिथंच होता.

"भावजी, खोटा हात घरात लावायचा नाय," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण काका मोबाईल घेऊन बाजूला झाले.

मी यादीतून बोटांचा शब्द काढून पाहिला. आता बोटं मेणासारखी एकत्र आली, चारही. ती जोडणी कॉम्प्युटरच्या मनची होती, त्या माणसाची नव्हती. शब्द घाला, नाहीतर काढा, रंगवलेल्या जागी तो नवाच हात काढणार. शेवटी पंजावरचा रंग पुसला, बाही मनगटापर्यंतच रंगवली. पंजा जुनाच राहिला, जसाच्या तसा. बटणं आणि बाहीचे शब्द तेवढे ठेवले. बाई फ्रेम छातीशी धरून गेल्या. मुलगी जाताना म्हणाली, "ताई, पहिला फोटो डिलीट करा."

केला. पण माझ्याकडचाच.

सकाळी त्यांच्या कॉलनीवरून गेले. कमानीवर मोठं फ्लेक्स लागलेलं. कोट, घडी घातलेले हात, सगळी बोटं सुटी. खाली माणसं उभी राहून म्हणत होती, "लई भारी काढलाय." माझंच काम होतं. गाडी थांबवली नाही.

दुपारी काकांचा मेसेज आला. मुलीचा फोटो, साधा ड्रेस, हात मांडीवर. 'साडी घाला. बोटं तुमच्या पहिल्या फोटोसारखी करा. पाव्हण्यांना पाठवायचाय.'

मी लिहिलं, 'साडी घालीन. हाताला हात लावणार नाही.'

संध्याकाळी काकांकडून मुलीचा फोटो आला, बहुतेक चुकून मलाही पाठवला असावा. दुसरीकडून करून घेतला होता. साडीचा काठ सरळ, ब्लाउजची बाही जिथल्या तिथं, आणि मांडीवर पाच सुटी, गोरी, निर्दोष बोटं. मी चूक शोधून शोधून पाहिली. एकही सापडली नाही.